वेळापत्रक लावताना आधी गणिताच्या सरांना बसवा

सर, पहिल्यांदाच वेळापत्रक लावताय, तर वर्गापासून सुरुवात करू नका. ज्या शिक्षकाकडे सगळ्यात जास्त तुकड्या, त्याला आधी बसवा. आमच्याकडे गणिताच्या सरांकडे नववी-दहावीच्या चार तुकड्या. त्यांचे तास तिरपे टाकतो: सोमवारी नववी अ पहिला, नववी ब दुसरा, दहावी अ तिसरा, दहावी ब चौथा. मंगळवारी सगळे एकेक घर खाली. अशाने ते एकाच तासाला दोन वर्गांत येतच नाहीत. फक्त आमच्या सरांची एसटी उशिरा येते, म्हणून त्यांचा पहिला तास मी रिकामा सोडतो आणि तिरकी रेघ दुसऱ्यापासून धरतो.

एक्सेलमध्ये आडव्या ओळीत तास, उभ्या रकान्यांत तुकड्या, घरात फक्त शिक्षकाचं लघुनाव. विषय वेगळ्या पानावर. मग B2 पासून सगळी घरं निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे टाका, लाल रंग द्या:

```
=COUNTIF($B2:$G2,B2)>1
```

एका ओळीत नाव दोनदा आलं की दोन्ही घरं लाल होतात. मात्र नावापुढे चुकून स्पेस पडली, तर टक्कर असूनही घर पांढरंच राहतं. मी एकदा असाच फसलो. दोन्ही वर्ग सरांची वाट पाहत बसले. खेळाचा तास दोन तुकड्यांचा एकत्र असेल तर लाल दिसणारच, तिकडे दुर्लक्ष करा.