आयलंड बायोजिओग्राफीचा ग्राफ नेमका कसा काढायचा?

प्रश्न: इकॉलॉजीची असाइनमेंट आहे, फर्स्ट इयर. इमिग्रेशन आणि एक्स्टिंक्शनच्या रेषा जिथे छेदतात तिथे इक्विलिब्रियम असं सरांनी सांगितलं, पण बेटावर प्रजाती वाढल्या की इमिग्रेशन कमी का होतं? पक्षी तर तेवढेच येत राहणार ना? ग्राफ समजावून सांगा प्लीज.

उत्तर:

पक्षी तेवढेच येत राहतात हे तुझं बरोबर आहे. पण या ग्राफमध्ये पक्षी मोजत नाहीत, बेटावर आधी नसलेली *नवीन प्रजाती* आली तरच ती मोजतात. मुख्य भूमीवर समज १०० प्रजाती आहेत आणि त्यातल्या ६० बेटावर आधीच राहतायत, तर आता जो पक्षी उडत येईल तो बहुतेक वेळा त्या ६० मधलाच असेल, म्हणजे मोजणीत शून्य. शंभरच्या शंभर पोचल्या की नवीन यायला कोणी उरतच नाही, म्हणून इमिग्रेशनची रेषा खाली उतरत जाऊन बरोबर १०० वर शून्याला टेकते. एक्स्टिंक्शनचं उलट, जितक्या जास्त प्रजाती तितक्या नष्ट होऊ शकणाऱ्याही जास्त, त्यामुळे ती रेषा शून्यातून वर चढते.

आता ग्राफपेपर घे. आडव्या अक्षावर बेटावरच्या प्रजातींची संख्या S, उभ्या अक्षावर दर, म्हणजे वर्षाला किती प्रजाती. मी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासते त्यात सगळ्यात जास्त चूक इथेच दिसते, आडव्या अक्षावर लोक वेळ लिहून टाकतात आणि मग पुढचं सगळंच बिघडतं. समजा रिकाम्या बेटावर वर्षाला १५ नवीन प्रजाती येतात आणि सगळ्या १०० भरल्या तर वर्षाला १० नष्ट होतात (आकडे मी सोयीसाठी घेतलेत). मग हे बिंदू मांड, I म्हणजे इमिग्रेशनचा दर आणि E म्हणजे एक्स्टिंक्शनचा:

```
S    0   20   40   60   80   100
I   15   12    9    6    3     0
E    0    2    4    6    8    10
```

रेषा S = 60 ला छेदतात. समज एखाद्या वादळाने १० प्रजाती गेल्या, S झाला ५०, तर तिथे I 7.5 आणि E 5, म्हणजे संख्या परत वर सरकते. S ७० झाला तर I 4.5, E 7, संख्या खाली येते. म्हणून तो बिंदू स्थिर, हे दोन्ही बाजूंनी आकडे टाकून दाखवलंस तर नुसती व्याख्या लिहिण्यापेक्षा कितीतरी चांगलं. आणि छेदबिंदूची उंचीही वाच, ती ६ आहे, म्हणजे ६० चा आकडा हलत नाही पण दरवर्षी ६ प्रजाती जातात आणि ६ वेगळ्या येतात. याला टर्नओव्हर म्हणतात, आणि हा ग्राफ ज्यांचा, त्या मॅकआर्थर आणि विल्सन यांच्या थिअरीचा जीव इथे आहे.

बेट मुख्य भूमीपासून लांब असेल तर फक्त I ची रेषा खाली आण, १५ ऐवजी 2.5 पासून सुरू कर, छेद S = 20 ला येईल आणि टर्नओव्हर २. बेट लहान असेल तर E ची रेषा उभी होते कारण लहान जागेत प्रत्येक प्रजातीचे जीव थोडे, आणि थोडे असले की एक वाईट वर्षही पुरतं. पुस्तकात इमिग्रेशनची रेषा वक्र असते कारण लांब उडणाऱ्या प्रजाती सुरुवातीलाच पोचतात आणि नंतर उरतात त्या मागे रेंगाळणाऱ्या, पण समजून घ्यायला सरळ रेषा चालतात.

खरं उदाहरण म्हणून क्राकाटाऊ घे, जावा आणि सुमात्राच्या मधला ज्वालामुखी बेटांचा गट. १८८३ च्या उद्रेकात तिथली जीवसृष्टी संपली असं मानतात. त्यातल्या राकाटा बेटावर तिथेच राहणारे पक्षी १९०८ ला १३ प्रजातींचे सापडले, १९१९-२१ ला २७, आणि १९३२-३४ ला परत २७. पण मधल्या काळात ५ गेल्या होत्या आणि ५ नवीन आल्या होत्या! आकडा तोच, यादी वेगळी.

पण एक गोष्ट जरूर लिही. गेलेल्यांमध्ये एक बुलबुल होता आणि एक खाटीक, तोच लांब शेपटीचा जो आपल्याकडे माळावर काटेरी झुडपाच्या शेंड्यावर बसलेला दिसतो. हे दोघे मोकळ्या जागेचे पक्षी, आणि तोपर्यंत बेटावरच्या गवताळ भागात जंगल दाटत चाललं होतं, म्हणजे ते फक्त योगायोगाने नाही तर त्यांची जागाच गेली म्हणून गेले असण्याची शक्यता मोठी. ग्राफ मात्र धरून चालतो की बेट तसंच राहतं. शिवाय दोन पाहण्यांमध्ये बारा-तेरा वर्षांचं अंतर, मधल्या मधे एखादी प्रजाती येऊन नष्ट झाली असेल तर ती कुणालाच दिसली नाही, त्यामुळे ५ हा आकडा कमीत कमी धरायचा.