विसरलेल्या गोष्टींची वही

“आईला स्मृतिभ्रंश होता. आता मलाही नावं आठवत नाहीत, कशातच मन लागत नाही. व्यायामानं मेंदू वाचतो म्हणतात, ते खरं आहे का? रक्तातलं बीडीएनएफ तपासून घेऊ का?”

पन्नाशी ओलांडलेल्यांकडून हे सतत कानावर येतं, म्हणून एकींची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय ५६. थायरॉइड, बी-१२ आणि चालू औषधं डॉक्टरांकडून आधीच तपासून झाली होती, त्यात काही निघालं नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून एक वही काढली. दिवसभरात काय काय विसरलं ते तारखेनुसार लिहिलेलं. रोज रात्री ती वाचायची आणि मग झोप यायची नाही. व्यायामही सुरू होता: एकदम तासभर, दमेपर्यंत, आणि चालताना नातेवाइकांची नावं क्रमानं आठवायची. एखादं अडलं की तिथूनच घरी परत. आठवडाभर हे चालायचं, मग पंधरा दिवस बंद.

रक्ततपासणीचा नाद मी आधी सोडायला लावला. बीडीएनएफ हे चेतापेशींना जगवणारं, त्यांच्यातले जोड पक्के करणारं प्रथिन. पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी जिथे घडतात त्या भागात, ते वाढतं हे १९९५ पासून माहीत आहे. पण रक्तातलं बरंचसं बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं आणि व्यायामानं चढलेली पातळी थोड्याच वेळात उतरते. त्या आकड्यावरून तुमचा मेंदू कसा आहे ते कळत नाही.

“मग माणसांत काही सिद्ध झालंय की नाही?”

झालंय. २०११ च्या एका अमेरिकी प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालण्याचा व्यायाम केला. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा आकसला. पण स्मरणशक्तीची चाचणी दोन्ही गटांची सुधारली, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. आणि २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४९४ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ३२९ जणांना जोरकस व्यायाम दिला, तेव्हा शरीर सुधारलं, आजाराची घसरण मात्र थांबली नाही. व्यायाम हा विमा नाही.

त्या गप्प झाल्या. मी वही मागितली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं: ‘बहिणीनं फोनवर सांगितलेली तारीख विसरले.’

“ती बोलत होती तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“घरातच. खिडकीपाशी.”

“मनानं?”

बराच वेळ गेला. “आईपाशी. आई बहिणीचं नाव विसरली त्या दिवशी.” मग स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे तारीख मी ऐकलीच नव्हती.”

या वाक्यासाठी मी कित्येक भेटी थांबले होते, आणि ते त्यांच्याच तोंडून आलं याचं मला आजही समाधान आहे. उदास मन आतच गुंतलेलं असतं. जे नीट आत शिरलंच नाही ते आठवणार कुठून? त्यांची खरी अडचण स्मरणाच्या आधीची होती: मनःस्थितीची. आणि तिथे व्यायामाचा पुरावा जास्त भक्कम आहे. १९९९ मध्ये नैराश्य असलेल्या, पन्नाशीपुढच्या १५६ जणांवर केलेल्या प्रयोगात १६ आठवड्यांनी व्यायामाचा गट औषधाच्या गटाच्या बरोबरीला आला. औषधाचा परिणाम लवकर दिसला, एवढाच फरक.

बरं वाटल्यावर चालू, असं म्हणून वाट बघत बसू नये, हे माझं ठाम मत. आधी पाय, मन मागून येतं. आम्ही दहा मिनिटांपासून सुरुवात केली, तीही मनात नसलं तरी. वेग असा की बोलता येईल, गाता येणार नाही. नावांची परीक्षा बंद. दोन-तीन महिन्यांत ४० मिनिटांपर्यंत आल्या. आधी झोप सुधारली, मग चिडचिड कमी झाली. नावं तरीही अधूनमधून अडतात. एकदा सहज म्हणाल्या, “वही दोन आठवडे उघडलीच नाही, आत्ता लक्षात आलं.”

आईच्या आजाराची टांगती तलवार यानं गेली का? नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलंही नाही. विसरल्याची तक्रार आपण स्वतः करतोय आणि थोडी आठवण करून दिली की आठवतं, तोवर सहसा घाबरण्याचं कारण नसतं. पण तेच ते पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांच्या व्यवहारात गोंधळ, आणि हे आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात येणं, असं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. दोन महिने नियमित चालूनही उदासी हटत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. चालू असलेलं औषध चालण्याच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नका.