भांड्यांवरची पांढरी भुकटी: आधी ओलं बोट फिरवा

ताई, डिशवॉशरमधून काढलेल्या भांड्यांवर पांढरी भुकटी राहते म्हणून पावडर बदलू का, असं तुम्ही विचारलंत. बदलण्याआधी त्या भुकटीवर ओलं बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागून ती लगेच विरघळली, तर ती न धुतली गेलेली डिटर्जंट पावडर. पाण्याने हलत नसेल पण व्हिनेगरने निघत असेल, तर क्षार. सोलापुरात बोअरचं पाणी असेल तर हा संशय आधी घ्या आणि मशीनमधलं मीठ तपासा.

तुम्ही सांगता की भुकटी फक्त वरच्या पेल्यांवर येते. मग खाली उभी केलेली भाकरीची परात बघा. ती पाणी फवारणाऱ्या फिरत्या पंख्याला अडत असेल किंवा पावडरच्या कप्प्याचं झाकण उघडू देत नसेल. मग पावडर शेवटी सांडते आणि खळबळून निघत नाही. परात कडेला सरकवा, पंखा हाताने फिरवून पाहा, मगच मशीन लावा.