कोर्सचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालेना, तर आयटी डेस्कला काय लिहायचं

"दादा, सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी इंग्लंडला चाललोय, डोंबिवलीहून. लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून घेतलाय. कोर्सचं सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर चाललं नाही तर युनिव्हर्सिटीचे आयटीवाले बघतात का? त्यांना लिहायचं काय?"

बघतात, पण लॅपटॉप तुझा असल्यामुळे तो उघडून दुरुस्त करून देतीलच असं नाही, त्यांची खरी जबाबदारी त्यांच्या सर्व्हरची आणि नेटवर्कची. म्हणून बिघाड आपल्या बाजूला की त्यांच्या, हे मेल वाचूनच त्यांना कळेल असं लिहायचं. माझ्याच बाबतीत काय झालं ते सांगतो.

पहिल्या सेमिस्टरला सिम्युलेशनचं एक सॉफ्टवेअर लागायचं. इन्स्टॉल नीट झालं, लायब्ररीत बसून वापरलंही, पण एका सोमवारी रूमवर व्हीपीएन लावून उघडलं तर बराच वेळ नुसतं गोल फिरत राहिलं आणि मग खिडकी आली, `FlexNet Licensing error:-15`. मी घाबरून मेल टाकला, "सॉफ्टवेअर चालत नाही, अर्जंट आहे", सोबत मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो. दोन दिवसांनी उत्तर आलं, रिइन्स्टॉल करून बघा. केलं, अख्खी संध्याकाळ त्यात गेली, एरर तीच.

तेव्हा माझ्या बॅचच्या एका पुणेकर मुलीने समजावलं की अशा सॉफ्टवेअरचं लायसन्स आपल्या लॅपटॉपवर नसतंच, ते युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरवर असतं आणि उघडताना दरवेळी तिथून मागून आणलं जातं, म्हणजे -15 आली की लॅपटॉप त्या सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये एवढंच समजायचं, इन्स्टॉलेशनचा त्यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. मग तिने पॉवरशेलमध्ये या दोन ओळी चालवायला लावल्या (सर्व्हरचं नाव आणि पोर्ट इन्स्टॉलेशनच्या सूचनांमध्ये `27000@सर्व्हर` असं दिलेलं असतं, इथे मी नमुन्याचं नाव टाकलंय):

```
nslookup licence.example.ac.uk
Test-NetConnection licence.example.ac.uk -Port 27000
```

पहिलीने सर्व्हरचा पत्ता दाखवला, म्हणजे नाव ओळखलं जात होतं. तिथेच अडलं असतं तर संशय व्हीपीएनवर. दुसरीत शेवटी `TcpTestSucceeded : True` आलं. आता दरवाजा उघडा आणि तरी लायसन्स नाही, हे मला कोड्यासारखं वाटलं, पण मेलमध्ये सगळ्यात कामाची गोष्ट हीच निघाली. दुसरा मेल मी असा लिहिला, इंग्रजीतच अर्थात, मराठीत सांगतो:

"विषय: लायसन्स एरर -15, फक्त व्हीपीएनवरून, कॅम्पसवर चालतं. सोमवारपासून येतेय, शुक्रवारपर्यंत व्हीपीएनवरून व्यवस्थित चालत होतं. लॅपटॉप स्वतःचा, विंडोज 11, अ‍ॅडमिन हक्क माझ्याकडे आहेत. आज त्याच लॅपटॉपवर लायब्ररीच्या वायफायवर उघडलं, चाललं. रूमवर आणि मोबाईल हॉटस्पॉटवर, दोन्हीकडे व्हीपीएन लावून, बंद. सर्व्हरचं नाव सापडतं, पोर्ट 27000 लागतो, दोन्हीचं आउटपुट खाली पेस्ट केलंय. रिइन्स्टॉल करून झालंय. असाइनमेंट गुरुवारी दुपारी 12 ला द्यायचीय, तोपर्यंत लॅबचा पीसी रिमोटने मिळेल का?"

दोन तासांत उत्तर. झालं असं होतं की या पद्धतीत सर्व्हरवर दोन प्रोग्राम असतात, पहिला 27000 वर भेटतो आणि तो तुम्हाला दुसऱ्याकडे पाठवतो, लायसन्स देतो तो दुसराच. या दुसऱ्याचा पोर्ट सेटिंगमध्ये पक्का केलेला नसेल तर सर्व्हर रिस्टार्ट झाल्यावर तो बदलू शकतो. वीकेंडला सर्व्हर रिस्टार्ट झाला होता, पोर्ट बदलला, आणि व्हीपीएनच्या फायरवॉलमध्ये जुनाच उघडा होता. कॅम्पसच्या आत ती फायरवॉल मधे येत नाही म्हणून लायब्ररीत सगळं आलबेल. त्यांनी पोर्ट पक्का केला आणि मिनिटभरात माझ्याकडे चालू झालं. मी मात्र त्याआधी रिइन्स्टॉल करत बसलो होतो!

म्हणून "कुठे चालतं आणि कुठे नाही" हे एक वाक्य मेलमध्ये पाहिजेच. लायब्ररीतही तीच एरर आली असती तर संशय माझ्या लॅपटॉपवर गेला असता, बहुतेक वेळा दुकानदाराने टाकून दिलेल्या अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल निघते. एररचा मजकूर टाईप करून किंवा कॉपी करून दे, नुसता फोटो नको, त्यांना तो सर्च करता येत नाही. मेल युनिव्हर्सिटीच्याच आयडीवरून पाठव, आणि पासवर्ड कुणी मागितला तरी लिहायचा नाही.

एक काम मात्र इथून निघायच्या आधीच कर. कोर्सच्या सॉफ्टवेअरची यादी मागव आणि दुकानाच्या बिलावर प्रोसेसर कुठला लिहिलाय ते बघ. स्नॅपड्रॅगन असेल तर विंडोज असूनही काही इंजिनीअरिंगची सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत, आणि तिथे आयटी डेस्कला कितीही चांगला मेल लिहिलास तरी उपयोग नाही. तसं असेल तर लॅपटॉप बदलून घ्यायला लॅमिंग्टन रोड अजून तुझ्या हाताशी आहे.