अर्धविराम की आडवी रेघ: अर्जातल्या जोडवाक्यांबद्दल

प्रश्न: "नुकसानीचा अर्ज लिहितोय. वाक्यं एकमेकांशी जोडलेली आहेत म्हणून सगळीकडे स्वल्पविराम देत गेलो, आता माझं मलाच वाचवत नाही. अर्धविराम कुठे द्यायचा आणि आडवी रेघ कुठे?"

भाऊ, तुमचा अर्ज वाचला आणि माझाच जुना कागद समोर आल्यासारखं झालं. पूर्णविराम-स्वल्पविराम तुम्हाला येतात, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. मी व्याकरणाचा शिक्षक नाही. गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो आहे.

चार वर्षांपूर्वी नाल्याचं पाणी धुरा फोडून आमच्या वावरात शिरलं. पऱ्हाटी गेली, वरच्या तुकड्यातली तूर वाचली. मी लिहिलं होतं: "गट क्रमांक 48 मधील कपाशी पाण्याखाली गेली, गट क्रमांक 51 मधील तूर उभी आहे, तिचा पंचनामा अद्याप झालेला नाही."

'तिचा' म्हणजे कोणाचा? माझ्या मनात कपाशी होती. पण कपाशीही स्त्रीलिंगी, तूरही स्त्रीलिंगी, आणि 'तिचा'च्या लगेच आधी तूर. अर्जावर शेरा आला, "पीक उभे असल्याने पंचनाम्याची आवश्यकता नाही." कोणतं कार्यालय ते सांगत नाही. पण त्या टेबलावर एका माणसानेही "कोणतं पीक?" असं विचारलं नाही, याचा राग अजून जात नाही. दुसरा अर्ज घेऊन गेलो तर साहेब दौऱ्यावर, मग सुट्ट्या, मग मुदत संपली. अडीच एकराची मदत गेली.

आता नीट बघा. स्वल्पविरामाच्या जागी नुसता अर्धविराम टाकून हे वाक्य सुधारत नाही. "तूर उभी आहे; तिचा पंचनामा..." यातही 'तिचा' तुरीलाच चिकटतो. आधी वाक्यांचा क्रम लावायचा, मग चिन्ह द्यायचं. मी आज असं लिहीन:

"गट क्रमांक 48 मधील कपाशी पाण्याखाली गेली — तिचा पंचनामा अद्याप झालेला नाही; गट क्रमांक 51 मधील तूर मात्र उभी आहे."

रेघेनंतरचं वाक्य कपाशीबद्दलच आणखी सांगतं, म्हणून ते तिला लागून आलं. अर्धविरामानंतर दुसऱ्या गटाची गोष्ट सुरू झाली. विषय तोच, पण बाब वेगळी. आणि खरं सांगायचं तर 'तिचा'ऐवजी सरळ 'कपाशीचा' लिहा. सरकारी कागदात शब्द पुन्हा आला तर काही बिघडत नाही.

अर्धविरामाची माझी कसोटी एकच. त्याजागी पूर्णविराम ठेवून पाहा. दोन्ही बाजू स्वतंत्र वाक्य म्हणून उभ्या राहिल्या तर अर्धविराम चालतो. "पाऊस थांबल्यावर; पाहणी झाली" हे चूक, कारण पहिला तुकडा अर्धाच आहे. "अर्ज वेळेत दिला; पण पोच मिळाली नाही" हे बरोबर. 'पण'च्या आधी अर्धविराम मराठीत शाळेपासून शिकवतात. इंग्रजी अर्ज असेल तर तिथे 'बट'च्या आधी साधारणपणे स्वल्पविराम देतात. ती सवय इकडे आणून गोंधळ करू नका.

आडव्या रेघेचं दुसरं काम म्हणजे वाक्याच्या मध्येच खुलासा घालणं. "अर्जदाराचे वडील — ज्यांच्या नावावर सातबारा आहे — मागील वर्षी मयत झाले; वारसाची नोंद अद्याप झालेली नाही." इथे दोन्ही रेघा लागतात. मधला मजकूर झाकून वाचा. उरलेलं वाक्य पूर्ण असलं पाहिजे. दुसरी रेघ राहून गेली की खुलासा कुठे संपला ते वाचणाऱ्याला कळत नाही. एका वाक्यात अशी एकच जोडी ठेवा. माझं मत विचाराल तर, शंका आली की रेघ टाळा आणि दोन वाक्यं करा. काही जुन्या लोकांना हे पटत नाही, तो त्यांचा अनुभव.

टायपिंग करून घेणार असाल तर समोर बसून करून घ्या. इनस्क्रिप्टमध्ये अर्धविरामाच्या कळीवर 'च' उमटतो आणि कृतिदेवमध्ये 'य', म्हणून घाईतला टायपिस्ट तिथे स्वल्पविराम देऊन मोकळा होतो. इनस्क्रिप्ट असेल तर कळफलक इंग्रजीवर नेऊन `;` द्यायला सांगा आणि परत मराठीवर या. रेघेसाठी विंडोजवर `Alt` दाबून नंबरपॅडवर `0151`. मोबाईलच्या बहुतेक कळफलकांवर `-` दाबून धरलं की लांब रेघ दिसते. 'आई-वडील'मधली आखूड रेघ तिच्या जागी वापरू नका. ती शब्द जोडते.

अर्ज देण्याआधी घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा, आणि 'तिचा' आला की थांबवून विचारा, "कोणाचा?"