प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष: उसनं काय घेतलं?

प्रश्न: मी एका आरोग्य अहवालाचं मराठी करते आहे. दोन लोकसंख्यांच्या मृत्युदरांची तुलना करताना त्यात 'डायरेक्ट' आणि 'इनडायरेक्ट एज स्टँडर्डायझेशन' असे शब्द येतात. 'प्रत्यक्ष' आणि 'अप्रत्यक्ष' लिहिलं तर चालेल का? अप्रत्यक्ष म्हणजे अंदाजपंचे, असं वाचकाला वाटेल अशी भीती आहे. शिवाय प्रमाणीकरण लिहू की मानकीकरण?

उत्तर: 'प्रत्यक्ष' आणि 'अप्रत्यक्ष' बिनधास्त लिहा. अप्रत्यक्ष कराला आपण अंदाजे कर समजत नाही. तो दुसऱ्याच्या हातून वसूल होतो, एवढाच त्याचा अर्थ. इथेही तसंच आहे. फक्त दुसऱ्याच्या हातून नेमकं काय येतं, ते एकदा उलगडून पाहायला हवं, कारण अनुवादातल्या चुका तिथेच होतात.

मुळात ही खटपट का करावी लागते, ते केरळ आणि महाराष्ट्राच्या आकड्यांत दिसतं. नमुना नोंदणी योजनेनुसार २०२० मध्ये केरळात दर हजारी ७ मृत्यू झाले, महाराष्ट्रात ५.५. पण केरळातलं सरासरी आयुर्मान महाराष्ट्रापेक्षा जास्त आहे. मग तिथे माणसं जास्त कशी मरतात? कारण तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक केरळात १२.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. एकूण मृत्यूंना एकूण लोकसंख्येने भागून येणाऱ्या ढोबळ मृत्युदरात आरोग्य आणि वयोरचना यांची सरमिसळ झालेली असते. त्यातून वयोरचनेचा भाग बाजूला काढायचा, त्याला वय-प्रमाणीकरण म्हणतात.

आता हिशेबासाठी दोन काल्पनिक वस्त्या घेऊ, प्रत्येकी १०,००० लोकांच्या. एक कोकणातलं मोठं गाव, जिथली तरुण मंडळी मुंबईला गेली आहेत: साठीच्या आतले ७,०००, पुढचे ३,०००. दुसरी कारखान्यांची वसाहत: साठीच्या आतले ९,०००, पुढचे १,०००. गावात साठीच्या आत हजारी २ आणि पुढे हजारी ४० मृत्यू होतात, वसाहतीत ३ आणि ५०. म्हणजे दोन्ही वयोगटांत वसाहतच वाईट. तरी ढोबळ दर काढा: गावात १४ अधिक १२० असे १३४ मृत्यू, म्हणजे हजारी १३.४, वसाहतीत २७ अधिक ५० असे ७७, म्हणजे ७.७. चित्र साफ उलटं झालं.

प्रत्यक्ष पद्धतीत आपण वयोरचना उसनी आणतो. एक प्रमाण लोकसंख्या ठरवायची, समजा साठीच्या आत ८,००० आणि पुढे २,०००. तिच्यावर आधी गावाचे दर लावायचे, मग वसाहतीचे. गावाच्या दरांनी १६ अधिक ८० असे ९६ मृत्यू होतात, म्हणजे हजारी ९.६. वसाहतीच्या दरांनी २४ अधिक १०० असे १२४, म्हणजे १२.४. उलटलेलं चित्र सरळ झालं. वस्तीचे स्वतःचे वयोगटवार दर इथे डोळ्यांसमोर असतात आणि तेच वापरले जातात, म्हणून ही पद्धत 'प्रत्यक्ष'. प्रति आणि अक्ष ही त्या शब्दाची फोड इथे चपखल बसते.

पण हे दर नेहमी हाती नसतात. कधी मृतांची वयं नोंदलेली नसतात, नुसता एकूण आकडा असतो. कधी वस्ती इतकी लहान असते की दर असून नसल्यासारखेच. चाळीस ते चव्वेचाळीस वयाचे ६० लोक असलेल्या गावात वर्षात एक मृत्यू झाला तर दर हजारी १६.७ येतो, आणि पुढच्या वर्षी कुणी दगावलं नाही की शून्य. अशा हेलकावणाऱ्या दरांवर तुलना उभी करता येत नाही.

तेव्हा उसनवारी उलटी होते. वयोरचना वस्तीची स्वतःची ठेवायची आणि दर प्रमाण लोकसंख्येचे आणायचे. त्या दरांनी या वस्तीत किती मृत्यू झाले असते, ते मोजायचं: हे अपेक्षित मृत्यू. खरोखर झालेल्या मृत्यूंना त्यांनी भागून १०० ने गुणलं की 'एसएमआर' मिळतो. त्याला प्रमाणीकृत मृत्यु-गुणोत्तर म्हणा. १०० च्या वर गेला तर अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू. वस्तीच्या वयोगटवार दरांना आपण हातही लावला नाही, म्हणून 'अप्रत्यक्ष'. आणि हे गुणोत्तर आहे, दर नव्हे. त्याचं भाषांतर 'प्रमाणित मृत्युदर' असं केलेलं मी छापील मजकुरातही पाहिलं आहे. ते दुरुस्त व्हायलाच हवं.

याहून मोठी चूक मात्र शब्दाची नाही, वाक्याची आहे. 'अमुक गावाचा एसएमआर ११०, तमुकचा १३१, म्हणून तमुक जास्त वाईट' असं वाक्य मुळात असेल तर थांबा. आपल्याच दोन वस्त्या पुन्हा घ्या. प्रमाण दर समजा २ आणि ४०. या वेळी दोन्ही वस्त्यांचे दर अगदी सारखे धरू: साठीच्या आत ४, म्हणजे प्रमाणाच्या दुप्पट, आणि पुढे ४०, म्हणजे प्रमाणाइतकेच. गावात २८ अधिक १२० असे १४८ मृत्यू झाले, अपेक्षित होते १३४, एसएमआर ११०. वसाहतीत ३६ अधिक ४० असे ७६ झाले, अपेक्षित ५८; एसएमआर १३१. दर तंतोतंत सारखे, गुणोत्तरं वेगळी! कारण प्रत्येक एसएमआरमध्ये वजन त्या त्या वस्तीच्या वयोरचनेचं असतं. वसाहतीत तरुण जास्त, म्हणून तरुणांमधला दुप्पट दर तिथे जास्त जाणवला. एसएमआर वस्तीची तुलना फक्त प्रमाण लोकसंख्येशी करतो. दोन वस्त्यांच्या वयोरचना बऱ्याच सारख्या असतील तरच त्यांचे एसएमआर शेजारी मांडावेत.

प्रत्यक्ष पद्धतीतला आकडाही स्वयंभू नसतो. युरोपची १९७६ ची प्रमाण लोकसंख्या २०१३ मध्ये बदलून जास्त वयस्कर करण्यात आली, तेव्हा तिच्या आधारे काढलेले मृत्युदर एकदम वाढलेले दिसले, प्रत्यक्षात जास्त कुणी मेलं नव्हतं. म्हणून 'अमुक प्रमाण लोकसंख्येनुसार' हे शब्द मूळ अहवालात असतील तर अनुवादात ते गाळू नका, तळटीपेतही ढकलू नका.

प्रमाणीकरण की मानकीकरण? मला प्रमाणीकरण जवळचं वाटतं. आपण प्रमाण भाषा, प्रमाण वेळ, प्रमाण विचलन म्हणतो, त्याच ओळीत प्रमाण लोकसंख्या सहज बसते. 'मानक' मराठीत वस्तूंच्या दर्जाला चिकटलेला आहे. 'प्रमाणित' मात्र टाळा. प्रमाणित प्रत, आधार प्रमाणीकरण हे प्रयोग इतके रुळले आहेत की 'प्रमाणित मृत्युदर' म्हणजे कुणा अधिकाऱ्याने सही-शिक्का मारलेला दर असं वाटेल. 'वय-प्रमाणीकृत' लिहिलं की 'वय' सोबत असल्यामुळे तो घोटाळा होत नाही. कर्करोगाच्या नोंदींचे अहवाल वाचलेत तर 'एज ॲडजस्टेड' असा शब्द भेटेल. तो प्रत्यक्ष पद्धतीच्याच दरासाठी असतो. 'वय-समायोजित' चालेल, पण एका अहवालात एकच शब्द शेवटपर्यंत ठेवा.

आणि तुम्ही प्रश्नात 'मृत्युदर' ऱ्हस्व लिहिला आहे, तो तसाच ठेवा. सुटा शब्द 'मृत्यू' दीर्घ, पण समासात तत्सम पूर्वपद ऱ्हस्वच राहतं: मृत्युदर, मृत्युपत्र, मृत्युलेख.