शिनाईचा घाव पूर्ण वेगाने का घालता येतो आणि बोकेनचा का नाही

प्रश्न : केन्डो या जपानी तलवारबाजीत शिनाईने, म्हणजे बांबूच्या तलवारीने, समोरच्याच्या डोक्यावर पूर्ण जोराने मारतात, मग लाकडी बोकेनने तसे का मारत नाहीत? शेवटी दोन्ही काठ्याच ना?

जपानमध्ये राहत असताना मी काही वर्षे केन्डो शिकलो आणि या दोन्ही वस्तू हाताळल्या, म्हणून लिहितो. वजनात त्यांचा फारसा फरक नाही. प्रौढ पुरुषांच्या स्पर्धेतील शिनाई जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर लांब आणि हाताच्या रक्षणाची चकती वगळून किमान ५१० ग्रॅम वजनाची असावी लागते. ओकच्या लाकडाचा बोकेन सुमारे १०२ सेंटिमीटर लांब असून त्याचे वजनही अर्ध्या किलोच्या आसपास भरते. फरक आहे तो बांधणीत.

बोकेन हा एकाच लाकडातून कोरलेला भरीव तुकडा असतो. शिनाई मात्र बांबूच्या चार कामट्यांची असते आणि त्या कामट्या एकमेकींना कोठेही चिकटवलेल्या नसतात. टोकाला चामड्याची टोपी, मुठीवर चामड्याचे आवरण, मुठीच्या आत कामट्या सरकू नयेत म्हणून बसवलेला धातूचा छोटा चौकोनी तुकडा आणि टोकापासून साधारण एक चतुर्थांश अंतरावर आवळलेली चामड्याची वादी, म्हणजे नाकायुई, एवढ्यावरच ती एकत्र राहते. टोकाची टोपी आणि मुठीचे चामडे यांच्यामध्ये ताणलेली दोरी सगळ्याला ताण देते. कामट्यांच्या मध्ये पोकळी असते.

जाड वहीची पाने मोकळी असताना ती सहज वाकते, कारण प्रत्येक पान शेजारच्या पानावरून किंचित सरकते. तीच पाने गोंदाने चिकटवली तर पुठ्ठ्यासारखी ताठ होतात. शिनाईचेही तसेच आहे. घाव बसताच कामट्या वाकतात, एकमेकींवरून थोड्या सरकतात, मध्यभागी बाहेर फुगतात आणि लगेच पूर्ववत होतात. त्यामुळे आघाताची ऊर्जा क्षणभर अधिक वेळात विभागली जाते आणि सर्वोच्च जोर कमी होतो. नाकायुई हे फुगणे मर्यादेत ठेवते. ती सैल होऊन जागेवरून सरकली, तर कामट्या नको तितक्या फाकतात. उरलेला धक्का शिरस्त्राण, मनगटावरील जाड हातमोजा आणि छातीचे कवच झेलतात. कवचाबाहेर, उदाहरणार्थ कोपराजवळ, चुकून बसलेला शिनाईचा फटका चांगलाच काळानिळा वळ उठवतो, म्हणून तिला निरुपद्रवी समजू नये.

बोकेनमध्ये सरकायला काहीच नाही. तो जवळजवळ वाकत नसल्यामुळे सगळा जोर अरुंद धारेवर आणि अत्यल्प काळात उतरतो, आणि कवच असले तरी त्याचा पूर्ण वेगाचा घाव हाडापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून तो ‘काता’साठी, म्हणजे दोघांनी ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींसाठी वापरतात आणि घाव अंगाला लागण्यापूर्वीच थांबवतात. १९१२ मध्ये ठरवलेल्या निप्पॉन केन्डो कातामध्ये असे दहा प्रकार आहेत. बोकेनकडे एक गोष्ट आहे जी शिनाईकडे नाही : त्याला खऱ्या तलवारीसारखा बाक आहे, आणि मूठ अंडाकृती असल्यामुळे धार कोणत्या दिशेला आहे हे हातालाच कळते. शिनाई सरळ आणि गोल असते. दोरी पाठीची बाजू दाखवते, त्यामुळे दोरीच्या विरुद्ध बाजूने मारायचे हे लक्षात ठेवावे लागते. केवळ शिनाईने शिकलेल्या माणसाचा घाव पुष्कळदा तिरका बसतो, आणि माझ्या मते ती सवय मोडायला बोकेनशिवाय दुसरा चांगला उपाय नाही.

शिनाईची सुरक्षितता मात्र तिच्या अवस्थेवर अवलंबून असते. एकदा सरावापूर्वी मी नेहमीप्रमाणे तिच्यावरून सुती कापड फिरवले, तर ते टोकाकडच्या गाठीपाशी, दोरीच्या विरुद्ध बाजूला अडकले. तेथे केसाएवढी कूस उठलेली होती. मी दोरी सोडून शिनाई उघडली आणि कामटी किंचित वाकवून पाहिली : तडा आत गेलेला नव्हता, फक्त वरचा तंतू सुटला होता. तो धारदार पात्याने खरवडून, बारीक सॅंडपेपरने घासून, तेलाचा पातळ हात दिला आणि जोडताना चारही कामट्या एका जागेने फिरवल्या, कारण मार सदैव एकाच बाजूला बसतो आणि तीच कामटी आधी झिजते. तडा लांबीने पुढे गेला असता, तर ती कामटी टाकूनच द्यावी लागली असती. चिकटपट्टी गुंडाळून वापरणे चुकीचे आहे, कारण शिरस्त्राणाच्या जाळीतून फुटलेल्या बांबूचे टोक थेट डोळ्यापर्यंत जाऊ शकते. टोकाची चामडी टोपी फाटली किंवा दोरी सैल झाली, तरीही हाच धोका असतो, कारण कामट्या टोपीतून निसटतात. त्यामुळे सराव संपल्यावर एक नजर, आणि दुसऱ्या दिवशी सुरू करण्यापूर्वी पुन्हा एक, असा नियम मी अखेरपर्यंत पाळला.